पंचवीस हजारांचा हप्ता आणि पाच लाखांचा आधार

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मशीनवर काम करणारा तिशीचा एक तरुण धरू. हातात पडणारा पगार ३५ हजार. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. विश्रामबागेत जुन्या इमारतीतला फ्लॅट, त्यावर १३ लाखांचं कर्ज आणि महिन्याला सव्वाअकरा हजारांचा हप्ता. गावाकडं आईवडील आणि दीड एकर ऊस. विम्यासाठी वर्षाला २५ हजार काढायची त्याची तयारी आहे. आपल्याकडं अशा माणसाला विमा म्हणून जे दिलं जातं, त्याने त्याची बचत थोडीफार होते, पण विमा जवळजवळ होत नाही, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायला याच माणसाचा हिशेब पुरेसा आहे.

त्याच्यापुढे पहिला कागद येतो तो बहुधा ‘मुलीच्या नावानं’ पॉलिसीचा. इथेच थांबून विचारायचं, विमा कोणाच्या जिवाचा? घर चालतं ते बापाच्या पगारावर. दोन वर्षांच्या मुलीच्या जिवावर विमा उतरवून बाप गेल्यावर घराला काय मिळणार? हप्तामाफीचा रायडर वेगळा घेतला असेल तर पुढचे हप्ते माफ होतात आणि मुलगी मोठी झाल्यावर ठरलेली रक्कम मिळते. पण पुढच्याच महिन्यात बँकेचा हप्ता कुठून भरायचा, याचं उत्तर त्या पॉलिसीत नसतं. पॉलिसीवर मुलीचा फोटो असतो, नाव असतं, शिक्षणाचं आणि लग्नाचं वर्ष छापलेलं असतं. विमा उतरवायचा तो कमावणाऱ्याचा, ही साधी गोष्ट त्या फोटोमागे झाकली जाते. आईही कमावती असेल, समजा मिरजेत नर्स असेल, तर तिचाही वेगळा उतरवायचा.

दुसरा कागद थोडा बरा असतो. बापाच्याच जिवावर वीस वर्षांची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, विमा रक्कम ५ लाख, वार्षिक हप्ता साधारण २५ हजार. आकडे कंपनी आणि योजनेप्रमाणे थोडे हलतील, पण तिशीतल्या माणसाला अंदाज याच घरातला असतो. याच २५ हजारांतून टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा, घ्यायचा ठरवला, तर तंबाखूचं व्यसन नसलेल्या तिशीच्या पगारदाराला साठाव्या वर्षापर्यंत ७५ लाखांचं कव्हर साधारण १० हजारांच्या आसपास मिळतं. शिक्षण, पगार, तब्येत यांवर ते कमी-जास्त होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्यामुळे कोणी जुनं कोटेशन दाखवत असेल तर त्यातला १८ टक्के कर वजा करूनच बघावं.

आता ७५ लाख हा आकडा कुठून आला ते सांगतो. ‘पगाराच्या पंधरापट-वीसपट’ असलं ठोकळ गणित मला आवडत नाही, घरखर्चावरून गेलेलं बरं. या घरात बँकेचा हप्ता सोडून त्याचा स्वतःचा खर्च वजा केला, तर बायको, मुलगी आणि गावाकडं पाठवायचे पैसे मिळून महिन्याला १८ हजार लागतात. वर्षाचे होतात २ लाख १६ हजार. मुलगी बावीस वर्षांची होईपर्यंत वीस वर्षं हे चालवायचं म्हणजे सव्वात्रेचाळीस लाख. यात महागाई का धरली नाही? कारण मिळालेली रक्कम बायको बँकेत ठेवणार, आणि ठेवीचं व्याज व महागाई एकमेकांना साधारण खाऊन टाकतात असं मानणं सुरक्षित आहे. त्यावर १३ लाखांचं कर्ज, मुलीच्या शिक्षणाला आजच्या भावाने १० लाख. झाले ६६ लाख. मुलगी हाताशी येईल तेव्हा बायको पन्नाशीजवळ असेल, तिच्या पुढच्या आयुष्यासाठी थोडी सोय धरली की ७५ लाखांवर येतो. यात चैन कुठेच नाही, एका साध्या घराचा हा वीस वर्षांचा किराणा आहे.

समजा त्याने एंडोमेंट घेतली आणि पाचव्या वर्षी तो गेला. घराला मिळतील ५ लाख आणि तोवरचा बोनस, सुमारे एक लाख. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर येणारा ईडीएलआय विमाही मिळेल, तो जास्तीत जास्त ७ लाख. एकूण तेरा लाख. त्या वेळी घरकर्ज उरलेलं असेल साडेअकरा लाख. ते फेडलं की हातात राहतात दीड लाखाच्या वर थोडे. महिन्याला १८ हजारांनी ते नऊ महिने पुरतील. दहाव्या महिन्यात ती बाई कुठल्या दारात उभी राहणार, हे हप्ता ठरवतानाच ठरून गेलेलं असतं.

बचतीच्या पॉलिसीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिचा परतावा कमी, अशी टीका नेहमी होते, तिच्याकडं मी पुढे वळणारच आहे. पण त्याहून मोठी अडचण ही, की विम्यासाठी बाजूला काढलेले सगळे पैसे तीच गिळते. पंचवीस हजार भरणारा माणूस ‘आपला विमा आहे’ म्हणून निश्चिंत होतो आणि टर्मचा विषय पुन्हा घरात निघत नाही. ७५ लाखांचं कव्हर एंडोमेंटने घ्यायचं म्हटलं तर हप्ता जाईल पावणेचार लाखांवर. त्याचा वर्षाचा पगार आहे ४ लाख २० हजार.

आता परताव्याचं बोलू, कारण पटवापटवी तिथेच चालते. ‘वर्षाला २५ हजार, वीस वर्षांत भरायचे ५ लाख, मिळणार साडेनऊ लाख, म्हणजे जवळपास दुप्पट’, असं पेनाने गोल करून दाखवलं जातं. गोल केलेला आकडा खोटा नसतो. पण २५ हजारांचा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष, हे त्या गोलात दिसत नाही. प्रत्येक हप्ता किती वर्षं कंपनीकडं राहिला ते धरून हिशेब केला, की साडेनऊ लाख म्हणजे वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतात.

बोनसची मेख समजून घेण्यासारखी आहे. बोनस जाहीर होतो ‘हजारी’ भाषेत. हजारी ४३ रुपये म्हणजे विमा रकमेच्या दर हजारावर ४३. पाच लाखांवर वर्षाला साडेएकवीस हजार. वाचणाऱ्याला वाटतं ४.३ टक्के व्याज मिळालं, शिवाय मुद्दल आहेच. पण हा बोनस साधा असतो. पहिल्या वर्षी खात्यावर लागलेले साडेएकवीस हजार विसाव्या वर्षीही साडेएकवीस हजारच राहतात. त्यावर एकोणीस वर्षं दमडीही चढत नाही, आणि मुदतीआधी तो हातातही येत नाही. चक्रवाढीची सवय असलेल्या पोस्टाच्या गिऱ्हाइकाने हे एकदा शांतपणे वाचावं. एकदा जाहीर झालेला बोनस कंपनीला मागे घेता येत नाही, हे मात्र खरं. पुढच्या वर्षी किती जाहीर होईल याची हमी नसते, एवढंच.

पॉलिसीबरोबर ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’ नावाचं पान मिळतं. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. दाखवणाऱ्याचं बोट बहुधा ८ वर थांबतं. ते ८ टक्के म्हणजे कंपनीने स्वतःच्या गुंतवणुकीवर कमावले असं गृहीत धरलेला दर. त्यातून खर्च, कमिशन आणि मृत्यूच्या जोखमीची किंमत गेल्यावर जे उरतं, तेच रकान्यात शेवटी छापलेलं असतं. सही करण्यापूर्वी शेवटची रक्कम आणि सगळे हप्ते एक्सेलमध्ये ओळीने लिहून दर काढला की खरं चित्र दिसतं. घरातला कोणीही बारावीचा मुलगा हे करून देईल:

```
=RATE(20,-25000,0,950000,1)
```

उत्तर ५.८ टक्क्यांच्या आसपास येतं. तीन आकडे आपल्या पॉलिसीचे घालायचे: वर्षं, हप्ता आणि शेवटी मिळणारी रक्कम. शून्य आणि शेवटचा १ तसाच ठेवायचा. हप्त्यापुढची उणेची खूण विसरायची नाही.

इथे टर्मच्या बाजूने बोलणारे एक लबाडी करतात, तीही सांगायला हवी. ‘टर्म घ्या, उरलेले पैसे गुंतवा, एंडोमेंटपेक्षा जास्तच मिळतील’, असं सरसकट सांगितलं जातं. आपल्या माणसाचा हिशेब करून बघू. दहा हजार टर्मला गेले, पंधरा हजार उरले. ते दर वर्षी पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी टाकले तर वीस वर्षांनी होतात सुमारे ६ लाख ६६ हजार. एंडोमेंटचे साडेनऊ लाख याहून जास्त आहेत! शेअर बाजाराच्या निर्देशांक फंडात टाकून वर्षाला १० टक्के मिळाले, तरच बरोबरी होते, आणि तिथे १० टक्क्यांची हमी कोणी देत नाही. म्हणजे सुरक्षित मार्गाने गेलेला माणूस जगला, तर वीस वर्षांनी त्याच्या हातात पावणेतीन-तीन लाख कमी असतील. त्या पावणेतीन लाखांच्या बदल्यात वीस वर्षं ५ लाखांऐवजी ७५ लाखांचं छत्र डोक्यावर होतं, ही खरी तुलना. ती मांडूनही मी टर्मच घ्या म्हणेन. पण ‘टर्ममध्ये जास्त पैसे मिळतात’ असं सांगून कोणाला टर्म विकू नये. तसं सांगितलं की माणूस पाचव्या वर्षी पीपीएफचं पासबुक बघतो, फसलो म्हणतो आणि टर्मच बंद करून टाकतो. मुलगी दहा वर्षांच्या आतली आहे, तर पीपीएफऐवजी सुकन्या समृद्धी बघावी. तिचा दर सध्या ८.२ टक्के आहे, म्हणजे हे अंतर आणखी थोडं कमी होतं.

८० सी चं काय, असा एक प्रश्न हमखास येतो. वर्षाला ४ लाख २० हजार मिळवणाऱ्याला जुन्या काय आणि नव्या काय, दोन्ही पद्धतींत करच लागत नाही. नव्या पद्धतीत तर ८० सी ची वजावट नाहीच. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी वीस वर्षांचा करार करायचा, यात काही अर्थ नाही.

बचतीच्या पॉलिसीच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. सक्तीची बचत. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडेल या धाकाने माणूस पैसे भरतो. पीपीएफचा धाक नसतो, वर्षाला पाचशे भरले तरी खातं चालू राहतं. आपल्या भागात हे मुरलेलंही खोलवर आहे. सातारा हे विम्याचं जुनं गाव. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती इतर कंपन्यांबरोबर आयुर्विमा महामंडळात गेली. त्या काळात मध्यमवर्गीय माणसाला वीस वर्षं पैसे सुरक्षित ठेवायला दुसरी जागा फारशी नव्हती. पीपीएफ आलं १९६८ साली. तेव्हा विमा आणि बचत एकाच गाठोड्यात बांधणं शहाणपणाचं होतं. आज गाठोडं सोडून दोन्ही वस्तू वेगळ्या मिळतात, वेगळ्या भावाने मिळतात, आणि दोन्हींची गरज वेगवेगळ्या प्रमाणात असते. बापाच्या जिवाच्या कव्हरची गरज आज, मुलगी दोन वर्षांची असताना, सर्वांत जास्त आहे आणि दर वर्षी कमी होत जाणार. बचतीचं उलट, ती आज शून्य आहे आणि वाढत जाणार. एकाच हप्त्याने दोन्ही टोकं बांधता येत नाहीत.

सक्तीचंही दुसरं अंग बघावं. ऊसबिल लांबलं, कारखान्याने दुसरा हप्ता थकवला, किंवा कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, की २५ हजारांचा हप्ता सर्वांत आधी अडतो. पूर्वी दोन वर्षांच्या आत पॉलिसी सोडली तर हातात काहीच येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांनी पहिल्या पूर्ण वर्षानंतरही सरेंडरची काही रक्कम मिळू लागली आहे, पण सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्या पैशांपेक्षा बरीच कमीच असते. सक्तीची बचत हवीच असेल तर पतसंस्थेच्या आवर्त ठेवीचा मासिक हप्ता किंवा पगारातून थेट कापला जाणारा व्हॉलंटरी प्रॉव्हिडंट फंड हे काम करतो, आणि अडचण आली तर त्याचा दंड इतका मोठा नसतो.

‘मी जगलो तर पैसे वाया गेले’ हे वाक्य टर्मच्या आड येतं. सांगलीच्या पेठेतला दुकानदार या वर्षी कृष्णेचं पाणी दुकानात आलं नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं म्हणत नाही. २०१९ पाहिलेला तर नाहीच नाही. तरीही हे वाक्य टोचणाऱ्यांसाठी कंपन्यांनी ‘प्रीमियम परत’ असा टर्मचा प्रकार काढला आहे. त्याच ७५ लाखांना हप्ता १० ऐवजी १९ हजार पडतो असं धरू. तीस वर्षांनी भरलेले ५ लाख ७० हजार परत मिळतात. वर्षाला जादा भरलेल्या नऊ हजारांवर हा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे एंडोमेंटपेक्षाही वाईट बचत. त्याकडं मी बघणारही नाही.

टर्म घ्यायचा ठरला की खरी काळजी पुढे सुरू होते. एंडोमेंटमध्ये फॉर्म चुकीचा भरला तर नुकसान पाच लाखांचं. टर्ममध्ये ७५ लाखांचं, म्हणून कंपनीही तितक्याच बारकाईने बघते. सातारा-सांगलीकडं पहिला खड्डा तंबाखूचा आहे. फॉर्ममध्ये प्रश्न असतो कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूचा. आपल्याकडं तंबाखू म्हणजे चुना मळून खायची ती. मिश्री ही दात घासायची वस्तू समजली जाते, गायछाप ‘कधीतरी जेवणानंतर’ असते, आणि एजंट हाताने फॉर्म भरताना ‘नाही’वर टिक करून पुढे जातो. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. वैद्यकीय तपासणीत तंबाखूची खूण असलेलं कोटिनीन लघवीत निघतं, म्हणजे खोटं तिथेच पकडलं जातं. तपासणीतून सुटलं तरी पुढे दाव्याच्या वेळी कंपनीला न कळवलेली गोष्ट म्हणून ती बोट दाखवायला उरते. तंबाखू खाणाऱ्याला हप्ता दीडपट किंवा त्याहून जास्त पडतो. आपल्या माणसाला १० हजारांऐवजी १५-१६ हजार. तेही त्याच्या २५ हजारांत बसतं. वर्षाला सहा हजार वाचवण्यासाठी ७५ लाखांवर पाणी सोडायचं का, एवढाच तो प्रश्न आहे.

दुसरा खड्डा आजारांच्या इतिहासाचा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू केली असेल तर ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला की कंपनीचा माणूस चौकशीला येतोच, आणि तो जातो दवाखान्यात. मिरजेच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात रात्री दोन वाजता दाखल करताना ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, आधी काही त्रास? घाबरलेला भाऊ सांगून जातो, ‘शुगर आहे जरा, चार-पाच वर्षं’. कोणी तपासलेली नसते, गोळी चालू नसते, पण केसपेपरवर मधुमेह पाच वर्षांपासून असं लिहिलं जातं. दोन वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर मधुमेह ‘नाही’ असतो. मग दावा त्या एका ओळीवर अडतो. उपाय दोन्ही टोकांना आहे. फॉर्म भरताना बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, आईवडिलांचे आजार, जे माहीत आहे ते सगळं लिहायचं आणि कंपनीने तपासणी करू दिली तर ती करून घ्यायचीच. टाळता येते म्हणून टाळायची नाही. आणि दवाखान्यात माहीत नसलेलं ‘माहीत नाही’ असंच सांगायचं.

पॉलिसी हातात आली की सोबत फॉर्मची प्रत येते. ती वाचायला तीस दिवस असतात. पटलं नाही तर त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते. या तीस दिवसांत एक टिक दुरुस्त करायला एक पत्र पुरतं. नंतर तीच टिक दुरुस्त करायला विधवा बायकोला ग्राहक आयोगात उभं राहावं लागतं.

शेतकऱ्याच्या वाटेत अडचण वेगळी येते. टर्मचं मोठं कव्हर उत्पन्नाच्या पुराव्यावर मिळतं, आणि सातबारा व ऊसबिल असताना रिटर्न भरलेलं नसलं तर बऱ्याच कंपन्या रक्कम कमी करतात किंवा नकार देतात. त्यांच्यासाठी सरल जीवन बीमा ही सर्व कंपन्यांना ठेवावी लागणारी एकसारखी टर्म योजना १ जानेवारी २०२१ पासून आहे. त्यात ५ ते २५ लाखांचं कव्हर मिळतं आणि शिक्षण किंवा धंदा आड येत नाही. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण असतं. साध्या टर्मपेक्षा ती महाग पडते, पण २५ लाखांचं महागडं कव्हर पाच लाखांच्या एंडोमेंटपेक्षा बरंच. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून मिळणारी जीवन ज्योती योजना २ लाखांची आहे, ती वरून असू द्यावी.

पगारदाराने हप्ता थेट खात्यातून जाईल अशी सोय करावी. पतसंस्थेच्या खात्यातून ती होत नाही, बँकेचंच खातं लागतं. उसावर चालणाऱ्या घराने वार्षिक हप्ता घ्यावा आणि पॉलिसी अशा महिन्यात सुरू करावी, की हप्त्याची तारीख गळीत हंगामाच्या बिलानंतर येईल. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. त्यानंतर टर्म पॉलिसी बंद पडते आणि तिच्यात पेडअप, म्हणजे हप्ते थांबवूनही कमी रकमेचा विमा चालू राहणं, वगैरे काही नसतं. बंद पडलेल्या काळात माणूस गेला तर घराला काहीही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट फॉर्मवरच करायची असते आणि फारशी कोणी सांगत नाही. आपल्या भागात जामीनकी हा नातेसंबंधाचा भाग आहे. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मेव्हण्याच्या दुकानाला, मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेली असते. माणूस गेला की ती सहीही वारसांच्या दारात येते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेतली, तर ती रक्कम बायको-मुलांसाठीचा विश्वस्त निधी बनते, मृताच्या मालमत्तेत धरली जात नाही, आणि सावकाराला किंवा पतसंस्थेला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. फक्त मुद्दाम घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठीच हप्ते भरले असं सिद्ध झालं तर भाग वेगळा. यासाठी वेगळा पैसा पडत नाही, प्रस्तावाबरोबर एक जोडपत्र भरायचं, बायको आणि मुलीचा हिस्सा लिहायचा. पॉलिसी निघाल्यावर मात्र हे जोडता येत नाही. ऑनलाइन फॉर्मवर ‘MWP Act’ असा एक चौकोन असतो, तो बघून ठेवावा.

एजंटाचं काय, असं कोणी विचारेल. तो गावातला असतो, लग्नाला येतो, दाव्याचे कागद गोळा करायला घरी येतो. ती सेवा खरी आहे, ऑनलाइन पॉलिसी घेणाऱ्या घरातल्या बाईला तिचा अभाव जाणवतो. पण तोच एजंट टर्मही विकू शकतो. दहा हजारांच्या हप्त्यावर त्याला पंचवीस हजारांच्या हप्त्यापेक्षा कमी कमिशन मिळतं, म्हणून तो आपण होऊन काढत नाही. विचारलं तर काढतो. त्याला टर्मच मागावा, आणि फॉर्म मात्र आपल्या हाताने भरावा.

उरला प्रश्न आधीच एंडोमेंट घेऊन बसलेल्यांचा, आणि इथे घाईने पॉलिसी मोडणाऱ्यांशी माझं जमत नाही. समजा आपल्या माणसाने चार वर्षं भरली आहे, एक लाख गेले आहेत. आज सरेंडर केली तर हातात साधारण साठ-पासष्ट हजार येतील. पस्तीस-चाळीस हजारांचं नुकसान झालेलं आहे, ते पॉलिसी मोडूनही भरून येणार नाही आणि चालू ठेवूनही. म्हणून हिशेब इथून पुढचा करायचा. आजचे पासष्ट हजार आणि पुढचे सोळा हप्ते घातले तर सोळा वर्षांनी साडेनऊ लाख मिळतात, म्हणजे इथून पुढे सात टक्क्यांच्या आसपास. पीपीएफच्या जवळपास तेच. पॉलिसी जितकी जुनी होत जाते तितका हा पुढचा दर सुधारत जातो, कारण सुरुवातीचं नुकसान मागे पडलेलं असतं. दहा-बारा वर्षं झालेली पॉलिसी केवळ ‘एंडोमेंट वाईट’ असं ऐकून मोडणं म्हणजे कडू औषध पिऊन झाल्यावर उलटी करणं. दोन-तीन वर्षांची असेल आणि तिच्यामुळे टर्मला पैसे उरत नसतील, तर ती पेडअप करावी. हप्ते बंद होतात, चार वर्षं भरली असतील तर विमा रक्कम वीसपैकी चार हिश्श्यांवर म्हणजे एक लाखावर येते, आणि ती रक्कम जमलेल्या बोनससह मुदतीला मिळते.

क्रम मात्र उलटा होऊ द्यायचा नाही. आधी टर्मचा प्रस्ताव, तपासणी, मंजुरी, पॉलिसी हातात. त्यानंतरच जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवायचा. तपासणीत शुगर निघाली आणि टर्म नाकारला गेला, तर ती पाच लाखांची जुनी पॉलिसी हाच त्या घराचा एकुलता एक विमा असतो.